वीजबिल दुप्पट, युनिट मात्र दीडपट

आमचं बिल या महिन्यात दुप्पट आलं. आधी बिलावरचं चालू रीडिंग मीटरशी ताडून पाहिलं. ते बरोबर होतं, दिवसही तीसच. युनिट मात्र 110 वरून 175 झाले होते. युनिट दीडपट झाले, मग बिल दुप्पट कसं? कारण महाराष्ट्रात घरगुती दराचा पहिला टप्पा 100 युनिटला संपतो आणि पुढच्या टप्प्याचा दर जवळपास दुप्पट आहे. वाढलेले सगळे 65 युनिट महागाचेच होते.

महिन्याला 65 युनिट म्हणजे साधारण 90 वॅट रात्रंदिवस. फ्रिजसकट घरातली सगळी बटणं बंद करून मीटरसमोर उभा राहिलो. त्यावर 3200 imp/kWh लिहिलेलं होतं, म्हणजे दिवा 3200 वेळा लुकलुकला की एक युनिट. लाल दिवा दर बारा सेकंदांनी लुकलुकत होता, म्हणजे बरोबर तेवढीच वीज कुठेतरी जात होती. मग एकेक एमसीबी पाडत गेलो. बाथरूमचा पाडला आणि दिवा थांबला.

वायरमनने गीझर उघडला. कॉइल चिरली होती आणि बटण फेजऐवजी न्यूट्रलवर जोडलेलं होतं. त्यामुळे बटण बंद असतानाही कॉइलमधून करंट अर्थिंगमध्ये उतरत होता. अर्थिंग सुटलं असतं तर गीझरच्या नळालाच शॉक बसला असता. घरात लहान मुलं आहेत, अजूनही काळजात धस्स होतं. नवी कॉइल टाकली, बटण फेजवर घेतलं आणि करंट अर्थिंगमध्ये गळू लागताच वीज तोडणारा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला. आता सगळं बंद केलं की मीटरचा दिवा स्थिर राहतो.