बांधी सपाटीकरण : ट्रॅक्टर लावण्यापूर्वी मातीचा हिशोब

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या धान पट्ट्यात उन्हाळ्यात बांधी मोकळी असते, तेव्हाच सपाटीकरण उरकावे. मात्र किती माती हलवायची, हे डोळ्यांच्या अंदाजावर न सोडता आधी पातळ्या घ्याव्यात.

उदाहरणादाखल ४० मीटर लांब व ३० मीटर रुंद बांधी घेऊ. तिचे १० मीटरचे १२ चौकोन पाडून प्रत्येकाच्या मध्यभागी खुंटी ठोकावी, म्हणजे पहिली खुंटी धुऱ्यापासून ५ मीटरवर येईल. खुंट्या धुऱ्यालगत, चौकोनांच्या कोपऱ्यांवर ठोकल्यास काठावरची खुंटी अर्ध्याच चौकोनाची आणि बांधीच्या कोपऱ्यातली पाव चौकोनाची ठरते. मग साधी सरासरी चुकते. ही चूक फार ठिकाणी होते.

शेताबाहेरच्या पक्क्या दगडाची पातळी १०.०० मीटर मानून डम्पी लेव्हल या पातळी मोजण्याच्या दुर्बिणीने खुंट्यांजवळच्या जमिनीची पातळी काढावी. स्टाफवरचे, म्हणजे जमिनीवर उभ्या धरलेल्या मोजपट्टीवरचे वाचन जितके जास्त, तितकी जमीन खोल, हे विसरू नये. आपल्या बांधीच्या पातळ्या अशा आल्या :

१०.३२, १०.२८, १०.२४, १०.२०
१०.२६, १०.२२, १०.१८, १०.१४
१०.१८, १०.१६, १०.१२, १०.१०

बेरीज १२२.४० आली, तिला १२ ने भागल्यास सरासरी १०.२० मीटर मिळते. तिच्या वरच्या खुंट्यांची एकूण उंची ०.३२ मीटर आणि खालच्या खुंट्यांची खोलीही ०.३२ मीटर भरते. प्रत्येक चौकोन १०० चौरस मीटरचा असल्याने खोदाई ३२ आणि भरावही ३२ घनमीटर होतो.

कागदावर हे जुळले, तरी शेतात माती कमी पडते, कारण भरावाची माती दबून खाली बसते आणि खोदलेली जागाही यंत्राच्या वजनाने दबते. म्हणून खोदाई भरावाच्या साधारण १.२ ते १.५ पट ठेवतात. त्यासाठी ठरलेली पातळी अर्धा सेंटिमीटर खाली, १०.१९५ मीटरवर घेतली, तर खोदाई ३५ आणि भराव २९ घनमीटर येतो, म्हणजे प्रमाण १.२ होते. पूर्ण एक सेंटिमीटर उतरवल्यास तेच प्रमाण जवळपास १.४६ वर जाते. भराव फारसा दबणारा नसेल, तर तेवढी माती उगाच उरते. ट्रॅक्टरवाल्याशी दर ठरवताना खोदाईचे ३५ घनमीटर धरावेत.

यात सर्वांत खोल खोदाई पहिल्या खुंटीपाशी, १२.५ सेंटिमीटर आहे. तिथे आधी खड्डा खणून पाहावा. सुपीक थर उथळ असून खाली मुरूम लागत असेल, तर वरची माती बाजूला काढून नंतर परत पसरावी, किंवा मध्ये धुरा घालून दोन बांध्या कराव्यात आणि दोघींची सरासरी वेगवेगळी काढावी. उताराने पाणी द्यायच्या शेताला हा एकसपाट हिशोब लागू पडत नाही.

काम झाल्यावर त्याच दगडावरून त्याच जागांची वाचने पुन्हा घ्यावीत. ठरलेल्या पातळीपासून दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक दिसेल, तिथे ट्रॅक्टर जाण्यापूर्वीच फळी पुन्हा फिरवून घ्यावी.