पसाऱ्यावरून रोज वाजतंय? दोघांना चालेल असं ‘आवरलेलं’ कसं ठरवायचं

आमच्या घरात गबाळी मी आहे, हे आधीच सांगून टाकते. नवरा टापटिपीचा. लग्नानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत आमची जी काही भांडणं झाली त्यातली निम्मी बेडरूममधल्या एका खुर्चीवरून झाली. तुमच्याकडेही असेल ती, एकदा घातलेले पण धुवायला टाकण्याइतके न मळलेले कपडे जिच्यावर जाऊन पडतात ती खुर्ची. तो म्हणायचा “किती पसारा”, मी म्हणायचे “कुठे पसारा, चारच तर कपडे आहेत”, आणि गंमत म्हणजे दोघंही खरं बोलत होतो.

कारण प्रत्येकाची एक मर्यादा असते, ज्याच्या पुढे गेलं की पसारा डोळ्यात खुपायला लागतो. त्याची दोन कपड्यांवर, माझी साधारण नवव्या कपड्यावर. मुंग्या-मधमाश्यांमध्ये कोण कुठलं काम उचलतं याच्या अभ्यासात ही कल्पना आहे, आणि अमेरिकेत अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीतल्या जेस अल्बर्ट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीच घरकामाच्या वाटणीला लावून बघितली. ज्याची मर्यादा आधी येते तो आधी उठतो आणि आवरतो, त्यामुळे दुसऱ्याची मर्यादा कधी येतच नाही. मग आवरणाऱ्याला वाटतं याला काही पडलेलीच नाहीये, आणि न आवरणाऱ्याला खरंच कळत नाही की काही काम झालं, त्याच्या लेखी घर कायम ठीकच असतं. हळूहळू ते काम “त्याचंच” होऊन बसतं.

म्हणून “जरा नीट राहत जा” असं हजार वेळा सांगून काही होत नाही, “नीट” हा शब्दच दोघांच्या डोक्यात वेगळा आहे. आम्ही जे केलं ते पायरी पायरीने सांगते.

आधी घाण आणि पसारा वेगळे करा

खरकटं, ओला टॉवेल, कुबट वास, मुंग्या-झुरळं येतील असं काहीही, चालताना पाय अडकेल अशी वस्तू, ही झाली घाण किंवा धोका. यावर आवडीनिवडीची चर्चा नाही, ते त्याच दिवशी निघालं पाहिजे, तुमची मर्यादा काहीही असो. सुके कपडे, कागद, पुस्तकं, चार्जर, पिशव्या म्हणजे पसारा. वाटाघाटी फक्त याच्या. हे दोन एकत्र केले की टापटिपीवाला पुस्तकांच्या ढिगालाही “घाण” म्हणतो आणि समोरचा तिथेच ऐकायचं बंद करतो, माझं तरी तसंच व्हायचं.

मग दोघांनी वेगवेगळं घर फिरा

एकमेकांबरोबर नाही, वेगवेगळं. प्रत्येकाने दहा मिनिटं घेऊन मोबाईलवर जास्तीत जास्त पाच फोटो काढायचे, ज्या जागा बघून खरंच डोकं फिरतं तेवढ्याच. पाचाची मर्यादा सोडू नका, नाहीतर टापटिपीवाला चाळीस फोटो घेऊन येतो आणि ते आरोपपत्र होतं. हे भांडण झालेल्या दिवशी करू नका, पाहुणे यायच्या आदल्या दिवशी तर अजिबात नाही.

आमच्यात धक्का इथेच बसला. मला वाटलं होतं त्याला अख्खं घरच खटकतं, पण त्याने तीनच फोटो काढले: खुर्ची, जेवायचं टेबल आणि दाराशी पडलेल्या पिशव्या. माझं कपाट आतून कसं आहे याच्याशी त्याला काही घेणंदेणं नव्हतं. आणि मीही, गबाळी असून, दोन फोटो काढले, दोन्ही त्याच्या “नीट लावलेल्या” ड्रॉवरचे, कारण तो आवरतो तेव्हा माझ्या वस्तू आत कुठेतरी जातात आणि मला त्या आठवडाभर सापडत नाहीत. पसारा दिसणं हा त्याचा त्रास, वस्तू न दिसणं हा माझा.

एकच जागा निवडा आणि वस्तू तिथे का येते ते शोधा

सगळं घर एकदम घेऊ नका. आम्ही खुर्ची घेतली.

नवऱ्याचा पहिला उपाय होता “कपाटात ठेव ना, किती वेळ लागतो”. मी मोजून दाखवलं. कपाट उघडायचं, हँगर शोधायचा, कपडा सरळ करायचा, गर्दीत जागा करून अडकवायचा, दार लावायचं, म्हणजे पाच कामं. खुर्चीवर टाकायला एक. रात्री अकरा वाजता पाच आणि एक यात कोण जिंकणार ते सांगायला नकोच. त्यात घातलेला कपडा धुतलेल्यांत मिसळायला मला आवडत नाही, आणि तो न्हाणीघरातल्या टोपलीत टाकावा इतका मळलेलाही नसतो. म्हणजे त्या कपड्याला घरात जागाच नव्हती, खुर्ची होती म्हणून तो तिथे बसला इतकंच.

पसाऱ्याच्या बहुतेक ढिगांचं हेच असतं, एकतर त्या वस्तूला ठरलेली जागा नसते, नाहीतर जागा असते पण तिथवर पोचायला फार खटाटोप असतो. त्यामुळे जागा अशी करायची की गबाळ्या माणसाला एका, फार तर दोन हालचालींत वस्तू ठेवता आली पाहिजे. आम्ही दाराच्या मागे खुंट्या लावल्या. झाकणाचा डबा, कपाटाच्या दारामागचा कप्पा, एकावर एक रचलेले बॉक्स हे टापटिपीवाल्यांना फार आवडतं पण माझ्यासारख्यांकडे ते टिकत नाही, उघडी टोपली टिकते.

“नीट” हा शब्द काढून डोळ्यांना दिसेल असं वाक्य लिहा

“खुर्ची नीट ठेवायची” हे वाक्य चालणार नाही. आमचं पहिलं वाक्य होतं: “खुर्चीवर कपडे नाहीत.” एका आठवड्यात पडलं, कारण ते त्याचंच माप होतं, मी नुसती मान डोलावली होती. (टापटिपीवाल्याचं माप हेच बरोबर माप, असं दोघंही नकळत धरून चालतात, याकडे लक्ष ठेवा.) दुसरं वाक्य असं झालं: “दारामागे पाच खुंट्या, एका खुंटीवर एकच कपडा. सहावा कपडा आला की आधीचा एक धुवायला किंवा कपाटात. रात्री झोपताना खुर्ची रिकामी, दिवसभर काहीही असो.”

यात तीन गोष्टी आहेत बघा. एक, आकडा आहे, त्यामुळे “फार झालं” आणि “कुठे फार” हा वाद उरत नाही, खुंट्या भरल्या म्हणजे भरल्या. दोन, वेळ आहे. टापटिपीवाल्याला दिवसाचे चोवीस तास सगळं आवरलेलं हवं असतं असं आपल्याला वाटतं, पण विचारून बघा, बऱ्याचदा त्याला दिवसातला एखादाच क्षण तसा हवा असतो. माझ्या नवऱ्याला झोपताना नजरेसमोर ढीग नको असतो, दुपारी त्याला काही फरक पडत नाही. तीन, दोघांनीही काहीतरी सोडलंय: मी ढीग सोडला, त्याने दारामागे लोंबणारे पाच कपडे मान्य केले, जे त्याला आजही फारसे आवडत नाहीत.

तिसरा माणूस खोलीत आला आणि त्याने ते वाक्य वाचून हो किंवा नाही सांगितलं, तर वाक्य जमलं. त्याला “तुमच्या मते नीट म्हणजे काय” विचारावं लागलं तर परत लिहा.

दोन आठवडे चालवा, मग बसा

या दोन आठवड्यांत टापटिपीवाल्याने ठरलेल्या वेळेच्या आधी हात लावायचा नाही. हे भयंकर अवघड असतं. संध्याकाळी सातला खुर्चीवर माझा ड्रेस बघून नवरा उठायचा, उचलायचा, आणि वर दार जरा जोरात लावायचा. पण त्याने सातला आवरलं की मला अकराला आवरायची वेळच येत नाही आणि गाडी परत जुन्या जागी. मग ठरवलं की वेळेआधी उचललं तर ते त्याच्या हौशीचं काम, त्याचा हिशोब मला लावायचा नाही आणि तोंडही पाडायचं नाही. ठरलेल्या मापापेक्षा जास्त आवरायचं असेल तर खुशाल आवरावं, फक्त बिल फाडू नये. आणि दुसऱ्याची वस्तू न विचारता फेकायची नाही, कधीच. एकदा असं झालं की गबाळा माणूस सगळं धरून ठेवायला लागतो आणि ढीग वाढतात.

गबाळ्याचं काम एकच, वेळ पाळायची, आणि “तू सांगितलं असतंस तर केलं असतं” हे वाक्य बंद. आठवण ठेवणं हेही कामच आहे. मी मोबाईलवर साडेदहाचा अलार्म लावला, त्याने तोंड उघडायची गरज संपली.

दोन आठवड्यांनी वीसेक मिनिटं बसा. तेव्हा “मीच जास्त करतो”वरून सुरुवात होणार हे धरून चाला. 1979 मध्ये मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली या संशोधकांनी जोडप्यांना वेगवेगळं विचारलं होतं की घरातल्या कुठल्या कामात तुमचा वाटा किती, तर बहुतेक जोडप्यांच्या उत्तरांची बेरीज शंभर टक्क्यांच्या वर जात होती. स्वतःचं केलेलं आठवतं, दुसऱ्याचं दिसलेलंच नसतं. म्हणून आठवणीवर भांडू नका, वाक्य काढा आणि विचारा: चौदापैकी किती रात्री जमलं? आमचं पहिल्या फेरीत नऊ. न जमलेल्या पाच रात्री बघितल्या तर त्यातल्या चार मी उशिरा घरी आले होते तेव्हाच्या. मग त्यात भर घातली, दहानंतर घरी आलं तर सकाळी आंघोळीच्या आधी. पुढच्या फेरीत तेरा.

दहा-अकराच्या खाली आकडा राहिला तर माणसाला दोष द्यायच्या आधी जागा बदला किंवा माप सैल करा. आणि आकडा चांगला असूनही चिडचिड तशीच असेल तर भांडण बहुतेक पसाऱ्याचं नाहीये. घरातली सगळी कामं एकाच्याच अंगावर असतील तर खुंट्यांनी काय होणार, तिथे कामाची वाटणीच परत करावी लागेल. एखादा माणूस पूर्वी आवरायचा आणि काही महिन्यांपासून अंघोळ, कपडे, भांडी सगळंच सुटलंय, किंवा निरुपयोगी वस्तूही टाकताना त्याचा जीव कासावीस होतो आणि खोल्या वापरता येईनाशा झाल्यात, तर तिथेही हे मापं ठरवणं कामाचं नाही, डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी बोला.

एक जागा बसली की मगच पुढची. खुर्चीनंतर टेबल घेतलं, तिथे एक उघडा ट्रे आहे, कागद त्यात, काठोकाठ भरला की रविवारी दोघांनी मिळून उपसायचा. आणि एकेक जागा अशीही सोडा जिच्यावर दुसऱ्याने बोलायचं नाही, फक्त वास आणि वाट अडवणं नको. माझ्याकडे कामाचं टेबल आहे. त्यावर सध्या काय काय आहे ते लिहिणार नाही, तो हा लेख वाचणार आहे.

दारामागे खुंट्या आता सहा आहेत. सहावी त्यानेच लावली, थंडीतल्या जाकिटासाठी, स्वतःच्या.