नोटीस बोर्डाचं परिपत्रक नव्या रहिवाशाला समजावताना

मराठी न येणाऱ्या नव्या रहिवाशासाठी सोसायटीच्या परिपत्रकाचं भाषांतर अ‍ॅपने करायचं, तर त्याचा फोटो बोर्डाची काच टाळून, समोरून काढा. तिरक्या फोटोत १ आणि ९ सारखेच दिसतात, म्हणून भाषांतरात तारखा, रकमा मूळ कागदावरून पडताळा.

‘द.सा.द.शे. २१ व्याज’ इथे अ‍ॅप हमखास अडखळतं. अर्थ वर्षाला २१ टक्के, महिन्याला नव्हे. ३,००० रुपये मेंटेनन्स महिनाभर थकला, तर व्याज ५२ रुपये ५० पैसे. हे उदाहरणच लिहून द्या, माणूस उगाच घाबरत नाही.

‘१० टक्के पाणीकपात’ म्हणजे पुरवठा कमी, ‘पाणीपुरवठा बंद’ म्हणजे नळ कोरडा. दोन्हींचं भाषांतर एकच झालं, तर थकबाकीमुळे पाणी तोडतायत असा गैरसमज होतो. कपात सर्वांसाठी आहे, हे स्पष्ट सांगा.