केबिन क्रूची मुलाखत: कोल्हापुरातून जाताना तयारी कशी करावी

राजारामपुरीत किंवा शाहूपुरीत एखाद्या क्लासची फी भरण्याआधी घरच्या भिंतीवर एक पेन्सिलची खूण करा. अनवाणी उभं राहा, टाचा उचलून चवड्यांवर या, एक हात सरळ वर ताणा आणि बोटाचं टोक जिथं पोचतं तिथं कुणाला तरी खूण करायला सांगा. जमिनीपासून ती खूण २१२ सेंटीमीटरवर असेल तर बऱ्याच विमान कंपन्यांची पहिली चाचणी तुम्ही घरीच पार केलीत. ही मापं हौसेसाठी नसतात. आसनांच्या डोक्यावरच्या कप्प्यात प्रवाशांच्या बॅगांबरोबर आपत्कालीन साहित्यही असतं आणि ते क्रूला झटकन काढता यावं लागतं. खूण चार-पाच सेंटीमीटर खाली राहिली तर वेगवेगळ्या कंपन्यांच्या जाहिराती नीट वाचून काढा, कारण उंची आणि हाताच्या पोचीच्या अटी सगळीकडे सारख्या नसतात. पण हे मोजायच्या आधी पैसे भरू नका.

प्रवास आणि पेहराव

मुलाखती बहुतेक मुंबईत किंवा पुण्यात होतात, आणि आपल्याकडच्या मुली-मुलांचं पहिलं नुकसान तिथंच होतं. रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसनं निघायचं, सकाळी मुंबईत उतरायचं, स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये तयार होऊन थेट रांगेत उभं राहायचं. डोळे सुजलेले, केस विस्कटलेले, ब्लाऊजला घड्या पडलेल्या. शक्य असेल तर आदल्या दिवशीच जा आणि नातेवाइकांकडे मुक्काम करा. मुलाखत संध्याकाळपर्यंत चालू शकते, त्यामुळे झोप हा तयारीचाच भाग धरा.

मुलींनी केस मागे घट्ट बांधून अंबाडा घालावा आणि कपाळावर, मानेवर सुटी बट ठेवू नये. जाहिरातीत वेगळं काही सांगितलं नसेल तर गुडघ्यापर्यंतचा फॉर्मल स्कर्ट, साधा शर्ट आणि बंद बूट हे सगळीकडे चालतं. फाउंडेशन मानेच्या रंगाशी जुळतंय का ते दुकानातल्या दिव्याखाली पाहू नका, दारात उन्हात उभं राहून पाहा. मुंबईच्या घामात टिकतं का तेही आधी एकदा दिवसभर लावून बघा. मुलांनी गुळगुळीत दाढी, टाय आणि पॉलिश केलेले काळे बूट एवढं सांभाळलं तरी पुरेसं आहे.

इथं नेहमी राहून जाणाऱ्या दोन गोष्टी सांगतो. एक म्हणजे मेंदी. घरात लग्न असेल आणि पंधरवड्यात मुलाखत असेल तर हातावर मेंदी काढू नका, कारण हात जवळून पाहिले जातात आणि अर्धवट उडालेली मेंदी डागासारखी दिसते. दुसरी म्हणजे मनगटावरचा दोरा. जोतिबाचा किंवा अंबाबाईचा दोरा श्रद्धेचा असतो, पण गणवेशाचे नियम मनगटाबाबत कडक असतात. तो आदल्या दिवशी काढून पाकिटात जपून ठेवा. गणवेशातून दिसेल असा टॅटू असेल तर अर्ज करण्याआधीच त्या कंपनीचा नियम तपासा.

गट चर्चेत गोड कसं राहायचं

गटाला बहुतेकदा एखादं कोडं देतात. समजा, हॉटेलात तीनच खोल्या उरल्यात आणि दारात आठ पाहुणे उभे आहेत: गरोदर बाई, व्हीलचेअरवरचे आजोबा, नवविवाहित जोडपं, डॉक्टर, शाळकरी मुलीबरोबरची आई आणि एक नामांकित गायक. कुणाला खोली द्यायची ते आठ-दहा जणांनी थोड्या मिनिटांत ठरवायचं. निकाल कुठला लागला याला फारसं महत्त्व नसतं. निरीक्षक कागदावर टिपत असतात ते वेगळंच: कोण ऐकतंय, कोण दुसऱ्याला तोडतंय, आणि स्वतःचं म्हणणं मागे पडल्यावर कुणाचा चेहरा उतरतोय.

कोल्हापूरचं बोलणं मोकळं आणि मोठ्या आवाजाचं. घरात, तालमीत, चहाच्या टपरीवर ते प्रेमाचं असतं, पण बंद खोलीत अनोळखी मुंबई-दिल्लीच्या मुलांमध्ये तोच आवाज दमदाटीसारखा ऐकू येतो. म्हणून आवाज एक पट्टी खाली आणा आणि समोरच्याचं वाक्य संपल्यावर एक श्वास सोडून मगच बोला. सुरुवातीलाच बोलायची घाई नको. दुसऱ्या किंवा तिसऱ्या क्रमांकावर बोललात तर आधीच्या मुद्द्याला जोडता येतं: ‘स्नेहानं गरोदर बाईंचं म्हटलं ते मला पटतं. त्याच कारणानं मी आजोबांना दुसरी खोली देईन, कारण त्यांना रात्री दुसरीकडे हलवणं अवघड आहे.’ सुरुवातीच्या ओळखीत सांगितलेली नावं लक्षात ठेवून ती अशी वापरली की तुम्ही ऐकत होतात हे वेगळं सांगावं लागत नाही.

गटात एखादी मुलगी गप्प बसलेली असते. तिला ‘तू काहीच बोलत नाहीस’ असं म्हणू नका, त्यानं तिची शोभा होते. ‘डॉक्टरांबद्दल तुला काय वाटतं?’ असा छोटा, उत्तर देता येईल असा प्रश्न विचारा. आणि कुणी तुमचं वाक्य तोडलं तर त्याला पूर्ण बोलू द्या, मग ‘माझा मुद्दा पूर्ण करते’ म्हणून हसून पुढे जा. विमानात दिवसातून कितीतरी वेळा हेच करावं लागतं.

हे निरीक्षण खोलीबाहेरही चालू असतं. रांगेत कोण कुरकुरतंय, पाणी आणून देणाऱ्या शिपायाशी कोण कसं बोलतंय, नाव गळाल्यावर कोण आभार मानून निघतंय, हे सगळं दिसत असतं. गळालेल्यांनाही पुढच्या फेरीसाठी पुन्हा यायचं असतंच.

प्रसंगाचे प्रश्न: एक उदाहरण पूर्ण सोडवून

हा प्रश्न घ्या: ‘विमान धावपट्टीकडे निघालंय. पट्टा बांधण्याची खूण लागलेली आहे. एक म्हाताऱ्या बाई उठून शौचालयाकडे निघाल्या आहेत. तुम्ही काय कराल?’

आपल्याकडे दोन उत्तरं सर्रास येतात. ‘त्या वयस्कर आहेत, मी त्यांना हात धरून नेईन’ हे पहिलं. मनानं चांगलं, पण विमान चालू असताना त्या पडल्या तर हाड मोडेल, आणि सोबत तुम्हीही. ‘नियम आहे, बसा असं सांगेन’ हे दुसरं. नियम बरोबर, पण त्यात माणूस नाही.

उत्तर असं उभं करा. आधी त्यांना जवळच्या रिकाम्या किंवा स्वतःच्या आसनावर बसवायचं. भाषा त्यांची वापरायची: ‘आजी, विमान हलतंय, पडाल. आत्ता बसा, वर गेल्यावर खूण विझली की मी स्वतः तुम्हाला नेते.’ त्या ऐकल्या तर प्रश्न संपला, फक्त खूण विझल्यावर पहिलं काम म्हणून त्यांच्याकडे जायचं आणि दिलेला शब्द पाळायचा. त्या म्हणाल्या की थांबणं शक्यच नाही, तर इंटरकॉमवरून कॉकपिटला कळवायचं की केबिन तयार नाही. सगळे बसले आणि केबिन सुरक्षित आहे असं क्रूनं कळवल्याशिवाय विमान उड्डाण घेत नाही, त्यामुळे थोडं थांबायचं का हा निर्णय कॅप्टनचा. उत्तराचा शेवटही तिथंच करा. कॅप्टनचा निर्णय तुम्ही घेतलात तर उत्तर बिघडतं.

सुरक्षा, मग सोय, आणि आपल्या अधिकाराबाहेरचं असेल तर वर कळवणं, या क्रमानं जवळजवळ कुठलाही प्रसंग सोडवता येतो. दारू मागणाऱ्या प्रवाशाचा प्रश्न आला तर आधी ‘देशांतर्गत विमान की आंतरराष्ट्रीय?’ असं विचारा. भारतातल्या देशांतर्गत विमानांत दारू दिलीच जात नाही. हे माहीत नसल्यानं ‘मी त्याला कमी देईन’ असं सांगून बसणारे पुष्कळ आहेत.

स्वतःच्या आयुष्यातला कठीण प्रसंग विचारला तर पाठ केलेली गोष्ट सांगू नका. पंचगंगेच्या काठच्या मुलांकडे सांगण्यासारखं खरंखुरं असतं. चिखली-आंबेवाडीकडच्या एका मुलीनं मुलाखतीच्या सरावात विचारल्यावर २०२१ च्या पुराचं सांगितलं. सुरुवातीला ती नुसतं ‘खूप पाणी आलं, आम्ही घाबरलो, सगळ्यांना मदत केली’ एवढंच बोलत होती. मी विचारत गेलो तेव्हा कळलं की निवारा केंद्रात तिनं वयस्करांच्या गोळ्यांची यादी केली होती आणि कुणाच्या गोळ्या संपत आल्यात ते रोज संध्याकाळी आरोग्य कर्मचाऱ्यांना देत होती. उत्तर हेच होतं. काय दिसलं, काय केलं, कुणाला कळवलं, पुढे काय झालं, एवढं दीड मिनिटात सांगा.

आणीबाणीच्या प्रश्नात शांत राहणं

‘प्रवाशाच्या पॉवर बँकेतून धूर येतोय’ हा सध्याचा आवडता प्रश्न. अग्निशमनाचं प्रशिक्षण निवडीनंतर कंपनी देतेच, त्यामुळे तुम्ही तंत्रज्ञ असावं अशी अपेक्षा नसते. पण कामाची वाटणी माहीत असेल तर उत्तर भारदस्त होतं. एक जण आग हाताळतो, दुसरा कॅप्टनला कळवतो, तिसरा साहित्य आणतो. आधी जवळच्या प्रवाशांना दूर करायचं. ज्वाळा असेल तर हॅलॉनचं अग्निशामक वापरायचं, मग भरपूर पाणी ओतून बॅटरी थंड करायची. ज्वाळा विझली म्हणजे काम संपलं असं नाही. लिथियम बॅटरीच्या आत उष्णता एका सेलकडून दुसऱ्याकडे सरकत असते आणि ती पुन्हा पेटते, म्हणून पाणी आणि नजर दोन्ही लागतात. बर्फ ठेवायचा नाही, कारण तो आतली उष्णता कोंडून ठेवतो. गरम वस्तू हातात उचलायची नाही.

इथं चतुर परीक्षक पुढचा प्रश्न टाकतो: ‘विमानात क्रू दोघंच असतील तर?’ उजळाईवाडीहून उडणाऱ्या एटीआर ७२ सारख्या छोट्या विमानात बहुधा दोघंच असतात. मग जो आग हाताळतोय त्यानं जागा सोडायची नाही. दुसऱ्यानं कॅप्टनला कळवायचं, साहित्यही आणायचं, आणि लागलं तर धडधाकट प्रवाशांची मदत मागायची.

शांतपणाचा सराव आवाजातून करा. रंकाळ्यावर सकाळी गर्दी नसते तेव्हा मैत्रिणीला वीस पावलांवर उभं करा आणि मोठ्यानं, तुटक शब्दांत सांगा: ‘पट्टा काढा! सामान सोडा! इकडे या!’ विमान रिकामं करताना एवढंच बोलायचं असतं. विमान मंजूर होताना अर्धे दरवाजे बंद धरून ९० सेकंदांत सगळे बाहेर पडतात हे दाखवावं लागतं, त्यामुळे लांब वाक्याला आणि विनंतीला तिथं जागा नाही. गट चर्चेसाठी जो आवाज खाली आणला तोच इथं पूर्ण वर न्यायचा, पण वेग वाढू द्यायचा नाही. मैत्रिणीला शब्द स्पष्ट कळले नाहीत तर बहुतेक वेळा आवाज कमी नसतो, घाईनं शब्द एकमेकांत मिसळलेले असतात. पुन्हा म्हणा आणि दोन आज्ञांच्या मध्ये एक पूर्ण श्वास घ्या.