सोनोग्राफीत किडनीवर गाठ निघाली? आधी ती कॉन्ट्रास्ट पकडते का ते बघा

मी पुण्यात सीटीच्या कन्सोलवर पंधरा वर्षं काढलीत, टेक्निशियन म्हणून. डॉक्टर नाही, त्यामुळे उपचार कुठला घ्यायचा ते मी सांगणार नाही. पण स्कॅनमध्ये काय बघितलं जातं आणि चुकतं कुठे, ते रोज डोळ्यांसमोर होतं. किडनीवरच्या गाठी निम्म्याअधिक वेळा अशाच निघतात, पोटदुखी किंवा प्रोस्टेटसाठी सोनोग्राफी करायला गेलेला माणूस आणि रिपोर्टच्या तळाशी किडनीचं एक वाक्य.

माझ्या मामांचं तसंच झालं. वय 63, रोज सकाळी पर्वती चढणारा माणूस. रात्री लघवीला चार वेळा उठावं लागतंय म्हणून सोनोग्राफी केली आणि रिपोर्टमध्ये आलं, उजव्या किडनीत 3.4 सेंमीची कॉम्प्लेक्स सिस्ट. नारायण पेठेतून थेट माझ्या घरी आले, "अगं, कॉम्प्लेक्स म्हणजे कॅन्सरच ना?"

तर पहिली पायरी, तो शब्द नीट वाचा. सोनोग्राफीवर साधी सिस्ट म्हणजे आत नुसतं पाणी, त्यामुळे आतला भाग एकसारखा काळा दिसतो, भिंत पातळ असते आणि पाण्यातून आवाजाच्या लहरी सहज जातात म्हणून गाठीच्या मागचा भाग जास्त पांढरा दिसतो. हे तिन्ही असेल आणि रिपोर्टमध्ये सिंपल सिस्ट लिहिलं असेल तर पुढे काहीच करायचं नसतं, पन्नाशीनंतर अशा सिस्ट खूप लोकांना असतात. कॉम्प्लेक्स म्हणजे यातलं काहीतरी जमलं नाही, एवढंच. आत पडदा असेल, जुनं रक्त साकळलं असेल, कॅल्शियम बसलं असेल किंवा खरंच मांसल गाठ असेल, सोनोग्राफी करणारा इतकंच म्हणतोय की मला खात्रीने सांगता येत नाही, पुढचा स्कॅन करा. आणि कधी कधी ती गाठही नसते, डाव्या किडनीला बाहेरच्या बाजूला जन्मजात उंचवटा असतो काही जणांना, तोही गाठीसारखा दिसतो.

दुसरी पायरी सगळ्यात महत्त्वाची आणि इथेच मामांचा एक स्कॅन वाया गेला. पुढचा स्कॅन म्हणजे सीटी, पण नुसता पोटाचा कॉन्ट्रास्ट सीटी नाही. चिठ्ठीवर किडनीच्या गाठीसाठी सीटी, आधी प्लेन आणि मग कॉन्ट्रास्ट, म्हणजे आधी औषधाशिवाय आणि मग शिरेतून औषध टोचून, असं स्पष्ट लिहून घ्या. युरॉलॉजिस्टने पाठवलं असेल तर बहुतेकदा ते लिहिलेलं असतं, पण चिठ्ठी दुसऱ्याच कोणाकडून आली की राहून जातं. मामांनी घराजवळच्या सेंटरवर जाऊन पोटाचा सीटी करून घेतला (नाव सांगत नाही, आणि त्यांचीही तशी चूक नाही, चिठ्ठीत लिहिलं होतं तेच त्यांनी केलं), औषध टोचलं आणि एकदाच स्कॅन काढला.

हे का चालत नाही ते समजून घ्या, कारण सगळा खेळ यावरच आहे. सीटीवर प्रत्येक ठिकाणाची घनता आकड्यात मोजता येते, त्याला हाऊन्सफिल्ड युनिट म्हणतात, आम्ही नुसतं एचयू म्हणतो. पाणी शून्य, हवा उणे 1000. साध्या सिस्टचं पाणी 20 च्या आतच राहतं. मामांच्या त्या स्कॅनमध्ये उजवीकडची मोठी गाठ 52 भरली, आणि डाव्या किडनीत अजून एक 2.1 सेंमीची निघाली, सोनोग्राफीत न दिसलेली, ती 61 भरली. दोन्ही पाण्यापेक्षा घट्ट आणि दोन्ही दिसायला जवळपास सारख्या. रिपोर्ट आला, दोन्हीकडे बहुधा घट्ट द्रवाच्या सिस्ट, पण सॉलिड मास नाकारता येत नाही.

आता 52 म्हणजे काय? गाठीत जुनं रक्त किंवा प्रोटीन असेल तर ती औषधाशिवायही 52 असू शकते. पण ती आधी 25 असेल आणि औषध दिल्यावर 52 झाली असेल तर आत रक्तवाहिन्या आहेत, म्हणजे ते जिवंत मांस आहे, पाणी नाही. आधीचा आकडाच नसेल तर हे कळणार कसं? म्हणून आधी प्लेन, मग औषध देऊन साधारण 100 सेकंदांनी, म्हणजे किडनी सगळीकडून सारखी उजळली की पुन्हा. दोन्ही वेळा गाठीच्या त्याच जागेवर तेवढाच गोल ठेवून आकडा मोजायचा. फरक 10 च्या आत असेल तर गाठीने औषध पकडलं नाही, 20 किंवा त्याहून जास्त वाढलं तर पकडलं, आणि मधलं 10 ते 20 म्हणजे संशय, तिथे एमआरआय जास्त उपयोगी पडतो.

मामांचा दुसरा सीटी मीच बसून केला. उजवीकडची 3.4 सेंमीची गाठ प्लेनवर 48, औषधानंतर 52. फरक 4. सगळीकडे एकसारखी, भिंत पातळ, पडदा नाही. म्हणजे ज्या गाठीने घराची झोप उडवली होती ती जुन्या रक्ताची सिस्ट निघाली. आणि डावीकडची छोटी, जिच्याकडे कोणी बघतही नव्हतं, ती प्लेनवर 34 आणि औषधानंतर 61. फरक 27. मी कन्सोलवर बसून गप्प राहिले, मामा काचेतून माझ्याकडे बघत होते आणि रिपोर्ट देणं माझं काम नाही.

या छोटीचं एक वैशिष्ट्य आहे. किडनीच्या कॅन्सरचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार, क्लिअर सेल, औषध भरभरून पकडतो, पटकन ओळखू येतो. पॅपिलरी प्रकार मात्र जेमतेम पकडतो, त्यामुळे एकच स्कॅन काढला तर तो घट्ट सिस्टच्या वेषात आरामात लपतो. उलटंही फसवणं होतं बरं का, एक-दीड सेंमीची बारीक सिस्ट उजळलेल्या किडनीच्या मधोमध असेल तर मशीनच्या मोजणीतच 10-15 ची खोटी वाढ दिसते. म्हणून अगदी बारीक गाठीच्या आकड्यावर लगेच घाबरू नका.

औषध टोचायच्या आधी क्रिएटिनिनचा रिपोर्ट लागतो, आधी कधी कॉन्ट्रास्टने अंगावर पित्त उठलं असेल किंवा मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू असेल तर आम्हाला आधीच सांगा. आणि श्वास रोखायला सांगितला की दोन्ही वेळा सारखाच रोखा, नाहीतर गाठ खालीवर सरकते आणि आकडा भलत्याच ठिकाणचा येतो.

तिसरी पायरी, रिपोर्टमध्ये बॉस्निएक शब्द शोधा. मॉर्टन बॉस्निएक नावाच्या अमेरिकन रेडिओलॉजिस्टने 1986 मध्ये सिस्टचे वर्ग पाडले, 2019 मध्ये त्यात सुधारणा झाली. एक आणि दोन म्हणजे सोडून द्या, मामांची उजवीकडची दोनमध्ये बसली. दोन-एफ म्हणजे पडदे जास्त आहेत किंवा भिंत किंचित जाड आहे, ऑपरेशन नाही पण 6 महिन्यांनी, वर्षाने आणि पुढे दरवर्षी असं 5 वर्षांपर्यंत बघायचं, यातला एफ फॉलोअपचाच. तीनमध्ये भिंत किंवा पडदे जाड किंवा ओबडधोबड असतात आणि औषध पकडतात, यातल्या साधारण निम्म्या कॅन्सर निघतात. चारमध्ये सिस्टच्या आत औषध पकडणारा ठळक उंचवटा असतो आणि त्या बहुतेक कॅन्सरच असतात. पण हे वर्ग सिस्टचे आहेत, मामांच्या डावीकडच्या गाठीसारख्या पूर्ण सॉलिड गाठीला बॉस्निएक लावत नाहीत. रिपोर्टमध्ये तसं दिसलं तर सरळ विचारा.

सॉलिड गाठ म्हणजे लगेच कॅन्सर असंही नाही. आत चरबी दिसली, म्हणजे आकडा उणे 10 च्याही खाली गेला, तर ती बहुधा अँजिओमायोलिपोमा असते, साधी गाठ. ऑन्कोसायटोमा नावाचीही एक साधी गाठ असते पण ती स्कॅनवर कॅन्सरपासून वेगळी ओळखणं जवळपास अशक्य. 4 सेंमीपर्यंतच्या सॉलिड गाठी काढल्या तर साधारण पाचातली एक साधी निघते. मग सगळे विचारतात, आधी सुईने तुकडा काढून का बघत नाही? बघतात, विशेषतः दुसऱ्या कॅन्सरची गाठ इथे आली असेल अशी शंका असेल, लिम्फोमा वाटत असेल किंवा गाठ सुईने जाळायची असेल तेव्हा. पण काही वेळा तुकड्यातून निदानच होत नाही, आणि निदान झालं नाही याचा अर्थ कॅन्सर नाही असा होत नाही. पाण्याच्या गाठीत तर सुई अजूनच कमी कामाची.

मामांच्या युरॉलॉजिस्टनी छातीचा सीटी, रक्त-लघवी, कॅल्शियम बघितलं. पेट स्कॅन का नाही म्हणून भाचा भांडायला लागला, तर त्यात वापरतात ती साखर लघवीतूनच बाहेर पडते, किडनी तशीच चमकते आणि हा कॅन्सर ती नेहमी पकडतही नाही. छाती स्वच्छ निघाली. गाठ 4 सेंमीच्या आत आणि किडनीपुरतीच, म्हणजे टी-1-ए, अगदी सुरुवातीचा टप्पा. तीन वाटा त्यांनी मांडल्या: गाठ आणि भोवतीचा थोडा भाग काढून किडनी वाचवायची, सुईने जाळायची, किंवा नुसतं लक्ष ठेवायचं. तिसरी वाट ऐकून मामी चिडल्या, पण या छोट्या गाठी बऱ्याचदा वर्षाला दोन-तीन मिलिमीटरच वाढतात, त्यामुळे ऐंशीच्या पुढचा, हृदयाचा पेशंट असेल तर ठरावीक अंतराने स्कॅन करत राहणं हाच शहाणपणा असतो. मामा धडधाकट, त्यांनी गाठ काढायचं ठरवलं. संपूर्ण किडनी काढायला सांगितलं असतं आणि गाठ एवढीशीच असती, तर मी दुसऱ्या युरॉलॉजिस्टकडे जायला सांगितलं असतं.

दुसऱ्या डॉक्टरकडे जाताना फिल्मच्या प्रिंट नेऊन उपयोग नाही, सीडी न्या, दोन्ही सीटींच्या. प्रिंटवर आकडा मोजता येत नाही.

पॅथॉलॉजी आली, पॅपिलरी, कडा स्वच्छ. सहा आठवडे जड उचलायचं नव्हतं. मामांनी पर्वतीबद्दल विचारलं तर डॉक्टर म्हणाले आधी सपाटीवर चाला, मग बघू. उजवीकडची सिस्ट अजून तिथेच आहे, 3.4 चीच, तिला कोणी हात लावलेला नाही.