‘गोज ऑफ’ म्हणजे वाजला की बंद झाला? सोपं इंग्रजी लिहिताना या चुका टाळा

मी कारखान्यांसाठी इंग्रजी सूचना सोप्या करून देते. मशीनवर चिकटवलेले कागद, एसओपी, मेंटेनन्सची मॅन्युअल्स, असं सगळं. वाचणारा ऑपरेटर बहुतेक आयटीआय झालेला, मराठी किंवा हिंदी मिडियमचा, इंग्रजी येतं पण शाळेच्या पुस्तकातून आलेलं. मग मराठीतच का नाही लिहीत असं विचारतात लोक. तर एकाच लाईनवर बीडचा, बिहारचा आणि ओडिशाचा माणूस शेजारी शेजारी उभा असतो आणि तोच कागद कंपनीच्या तमिळनाडूतल्या प्लांटलाही जातो, म्हणून इंग्रजी. नवीन लिहिणारी मुलं माझ्याकडे ड्राफ्ट पाठवतात आणि त्याच त्या चुका दिसतात, म्हणून एकदा लिहूनच टाकते.

छोटा शब्द म्हणजे सोपा शब्द, हा गैरसमज

ही सगळ्यात मोठी चूक. गो, पुट, टेक, सेट हे शब्द पहिलीतली पोरंही वाचतात, पण त्यांच्यापुढे ऑफ, आऊट, अप लागलं की अर्थ पार बदलतो आणि तो अर्थ शाळेत कुणी शिकवलेला नसतो. पुट म्हणजे ठेवणे, आऊट म्हणजे बाहेर, मग ‘पुट आऊट द फायर’ म्हणजे आग बाहेर ठेवा? वाचणारा असंच जोडत जातो आणि त्यात त्याची काही चूक नाही.

एका प्लांटमधे हायड्रॉलिक प्रेसवर कागद होता, त्यावर लिहिलेलं ‘व्हेन द अलार्म गोज ऑफ, स्टॉप द प्रेस’. तेलाचं तापमान वाढलं की हा अलार्म वाजायचा. एका दुपारी वाजला. ऑपरेटर नवीन होता पण नीट काम करणारा, त्याने कागद वाचला आणि अलार्म ‘ऑफ’ व्हायची वाट बघत उभा राहिला. प्रेस चालूच. चार-पाच मिनिटांनी पलीकडून कुणीतरी येऊन आवाज बंद केला आणि मग याने लगेच प्रेस थांबवला. तोवर तेल इतकं तापलं होतं की पंपाचं सील गेलं, खाली तेलाचं थारोळं. चौकशीत तो सुपरवायझरला सांगत होता, “साहेब, अलार्म ऑफ झाल्या झाल्या थांबवला की, तसंच लिहिलंय तिथं.” तसंच लिहिलं होतं. आपण लाईट ऑफ, फॅन ऑफ म्हणतो तेव्हा बंदच म्हणतो ना, आणि इंग्रजीतही ‘द लाईट वेंट ऑफ’ म्हणजे दिवा बंद झाला, पण ‘द अलार्म वेंट ऑफ’ म्हणजे अलार्म वाजला. एकच शब्दजोडी, दोन बरोबर उलटे अर्थ.

तिथल्या इंजिनिअरने लगेच बदलून ‘व्हेन द अलार्म कम्स ऑन’ केलं. घाईत असंच होतं, एक जोडशब्द काढून दुसरा बसवला. मी शेवटी लिहिलं, ‘इफ यू हिअर द अलार्म, स्टॉप द प्रेस इमिजिएटली’. हिअर सगळ्यांना येतं आणि कानाला काय कळायला हवं ते सरळ सांगितलंय. कानात इअरप्लग असतात म्हणून ‘ऑर सी द रेड लाईट’ हेही घातलं.

सोप्या इंग्रजीचा इतिहास बघितला तरी हेच दिसतं. सी. के. ऑग्डेन या इंग्रज भाषातज्ज्ञाने 1930 साली 850 शब्दांचं बेसिक इंग्लिश मांडलं, त्यात क्रियापदं जेमतेम 18 ठेवली, मग गेट, पुट, गो यांना शेपट्या लावूनच सगळं म्हणावं लागायचं. शब्द कमी झाले पण शिकणाऱ्याला जोड्या पाठ करायचं ओझं राहिलंच. उलट विमानांच्या मेंटेनन्ससाठी 1980च्या दशकात जे सोपं इंग्रजी ठरवलं, आज ज्याला सिम्प्लिफाईड टेक्निकल इंग्लिश म्हणतात, त्यात असे जोडशब्द बनवू नका असा नियमच आहे. ‘पुट आऊट’ऐवजी ‘एक्स्टिंग्विश’. लांब आहे, पण भिंतीवरच्या लाल सिलेंडरवर ऑपरेटर तोच शब्द रोज बघतो.

मग लांब शब्द कुठलाही टाकला, ही दुसरी चूक

डिक्शनरी उघडायची, समोर दिसेल तो शब्द उचलायचा. ‘यूज अप’ला ‘एक्झॉस्ट’ टाकलेलं मी पाहिलंय, आणि आपल्याकडे एक्झॉस्ट म्हणजे धूर बाहेर टाकणारा पंखा. पण माझा खरा राग ‘रिप्लेस’वर आहे. मूळ वाक्य होतं ‘पुट द कव्हर बॅक’. एका मुलाने जोडशब्द नको म्हणून ‘रिप्लेस द कव्हर’ केलं. ब्रिटिश मॅन्युअलमधे त्याचा अर्थ कव्हर परत जागेवर लावा असाही होतो, पण आपल्याकडे रिप्लेस म्हणजे जुनं काढून नवीन टाकणे, मोबाईलची बॅटरी रिप्लेस करतो तसं. मेंटेनन्सवाल्याने स्टोअरला नवीन कव्हरची मागणी टाकली आणि नवीन येईपर्यंत बेल्ट उघडा. उघड्या बेल्टजवळ दोन दिवस माणसं काम करत होती, मला अजूनही ते आठवलं की बरं वाटत नाही. आता मी ‘इन्स्टॉल द सेम कव्हर अगेन’ लिहिते. वाचायला जरा बोजड आहे, राहू दे.

माझी सवय अशी की नवीन शब्द टाकायच्या आधी तो शब्द शॉप फ्लोअरवर मराठी बोलताना येतो का बघायचं. चेक, टाईट, लूज, रिमूव्ह, अ‍ॅडजस्ट, कनेक्ट हे येतात. असर्टेन आणि कमेन्स येत नाहीत. आणि येतो तो शब्द आपल्याकडे कुठल्या अर्थाने येतो तेही बघायचं, रिप्लेस तिथेच फसवतो.

याच कारणाने स्विच ऑन, स्विच ऑफ, लॉग इन यांना हात लावू नका. जोडशब्द असले तरी मराठीच झालेत ते. ‘स्विच ऑफ’चं ‘डीअ‍ॅक्टिव्हेट’ करणाऱ्यांना मी ड्राफ्ट परत पाठवते.

वाक्प्रचार

‘कीप अ‍ॅन आय ऑन द टेंपरेचर’. आपल्याकडे एखाद्या गोष्टीवर डोळा ठेवणं म्हणजे ती लाटायचा विचार असणं, तापमानावर कोण डोळा ठेवेल. नुसतं ‘वॉच’ केलं तरी काम अर्धंच होतं, कारण किती वेळाने बघायचं, किती झालं की काय करायचं हे लिहिणाऱ्यानेच ठरवलेलं नसतं आणि वाक्प्रचाराखाली ते झाकलं जातं. अशा वेळी मी इंजिनिअरला फोन लावते. त्या प्रेसच्या बाबतीत उत्तर आलं, दर 15 मिनिटांनी बघा, 60 अंशांच्या वर गेलं तर थांबवा. मग वाक्य आपोआप झालं, ‘रीड द टेंपरेचर एव्हरी 15 मिनिट्स. इफ इट इज मोअर दॅन 60 डिग्रीज, स्टॉप द प्रेस.’

बाकीच्या, पटापट

‘रिप्लेस ऑल’ बटण दाबू नका. एकाने ‘गोज ऑफ’च्या जागी सगळीकडे ‘रिंग्ज’ केलं आणि एका पानावर दिवा वाजायला लागला.

`Ctrl+F` ने पूर्ण जोडी शोधू नका, नुसतं `off`, `out`, `up`, `down` शोधा. ‘टर्न द प्रेशर स्लोली डाऊन’ असं मधे शब्द घुसलेलं वाक्य जोडी शोधून सापडत नाही. वेळ लागतो, लागू दे.

आणि कागद दाखवून “समजलं का?” विचारू नका, सगळे हो म्हणतात, साहेबासमोर नाही कोण म्हणणार. मी कागद हातात देते आणि विचारते, “दादा, हे वाचून आता पहिलं काय करशील, करून दाखव.” त्याचा हात कुठल्या बटणाकडे जातो ते बघते. चुकीकडे गेला तर त्याला समजावत बसत नाही, कागद परत घेते आणि वाक्य बदलते.