पाण्याचा फेज डायग्राम वाचताना या चुका टाळा

पाण्याचा फेज डायग्राम, म्हणजेच अवस्था आकृती, दिसायला अगदी साधी असते. आडव्या अक्षावर तापमान, उभ्या अक्षावर दाब, तीन प्रदेश, तीन रेषा आणि त्या जिथे भेटतात तो त्रिक बिंदू. चुकणारे बहुतेक जण चुकतात ते उभ्या अक्षावर. तिथला दाब नक्की कुणाचा, हा प्रश्न विचारल्याशिवाय आकृतीवर बोट ठेवलं की उत्तर चुकलंच म्हणून समजा.

आकृतीवरून पट्टीने मोजू नका

पाठ्यपुस्तकातली आकृती मुद्दाम वेडीवाकडी काढलेली असते. त्रिक बिंदूचा दाब ६११.६५७ पास्कल आहे आणि समुद्रसपाटीवरचा हवेचा दाब १,०१,३२५ पास्कल, म्हणजे जवळजवळ १६६ पट. हवेचा दाब कागदावर १० सेंटिमीटर उंचीवर दाखवायचा ठरवला, तर त्रिक बिंदू तळापासून जेमतेम ०.६ मिलिमीटरवर येईल. आणि द्रव व वाफ यांच्यामधली रेषा, म्हणजे उत्कलन वक्र, जिथे संपतो तो क्रांतिक बिंदू (३७४ °C, २२.०६ मेगापास्कल) दाखवायला कागद २२ मीटर उंच लागेल, परसातल्या चांगल्या वाढलेल्या माडाएवढा. म्हणून खऱ्या आकृत्या लॉग स्केलवर काढतात. त्यात १० आणि १०० किलोपास्कल यांच्या बरोब्बर मध्ये ५५ नसतं, ३१.६ असतं. हे विसरून अंदाजे वाचलं तर तापमान दहाबारा अंशांनी हुकतं. आकडा हवा असेल तेव्हा आकृती बाजूला ठेवा आणि बाष्पदाबाचा तक्ता घ्या: ३० °C ला ४.२५ किलोपास्कल, ६० ला १९.९, ८० ला ४७.४, १०० ला १०१.३, १२० ला १९८.७.

गेजवरचा आकडा जसाच्या तसा टाकू नका

घरच्या कुकरची शिट्टी साधारण १ किलो प्रति चौरस सेंटिमीटर, म्हणजे ९८ किलोपास्कलला उचलते. हा आकडा वक्रावर टाकला तर ९९ °C येतं आणि मग कुकरचा उपयोगच काय, असा प्रश्न पडतो. गेज किंवा शिट्टीचं वजन दाखवतं ते बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचा दाब. आकृतीला लागतो एकूण दाब. रत्नागिरीत समुद्राकाठी १०१ अधिक ९८, म्हणजे १९९ किलोपास्कल. वक्रावर याचं उत्तर १२० °C.

तोच कुकर आंबोलीला नेला तर? सुमारे ६९० मीटरवर हवेचा दाब ९३ किलोपास्कलच्या आसपास असतो. उघड्या पातेल्यात पाणी ९७.७ अंशांना उकळतं. कुकरमध्ये ९३ अधिक ९८, म्हणजे १९१, आणि तापमान ११९. घाट चढल्यावर पातेल्याचे दोनाहून जास्त अंश जातात, कुकरचा एकच. कारण वक्र वर जाताना उभा होत जातो: तिथे दाबात तेवढाच फरक पडला तरी तापमान कमी हलतं.

उत्कलन वक्र म्हणजे फक्त "उकळण्याची रेषा" नव्हे

सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो. ३० °C आणि १०१ किलोपास्कल हा बिंदू आकृतीत द्रवाच्या प्रदेशात पडतो. मग दोरीवरचे कपडे वाळतात कसे? आकृती चुकीची नाही, प्रश्न चुकीच्या दाबाने विचारला आहे.

वक्र सांगतो ते एवढंच: या तापमानाला द्रव पाणी आणि त्याची स्वतःची वाफ किती दाबाला तोलात राहतात. या एका वक्राला दोन वेगळे प्रश्न विचारता येतात. पाणी उडेल का, हे विचारायचं असेल तर वक्राची तुलना हवेतल्या वाफेच्या दाबाशी करा. पाणी उकळेल का, म्हणजे आतल्या आत बुडबुडे धरतील का, हे विचारायचं असेल तर पाण्यावरच्या एकूण दाबाशी करा, कारण बुडबुड्याला फुगायचं तर बाहेरचा सगळा दाब ढकलावा लागतो.

जुलैतली दुपार घ्या: २८ °C, आर्द्रता ९० टक्के. वक्रावर २८ अंशांना ३.७८ किलोपास्कल. हवेत वाफ आहे त्याच्या ९० टक्के, म्हणजे ३.४०. वाळायला शिल्लक राहिलं ०.३८. घाटावर मे महिन्यात ३८ °C आणि २० टक्के आर्द्रता असेल तर वक्र सांगतो ६.६३, हवेत आहे १.३३, फरक ५.३. ओला कपडा स्वतः थंड होतो, त्यामुळे हा हिशेब ढोबळ आहे. पण पावसाळ्यात चादर तीन दिवस दमट का राहते ते एवढ्यावरून कळतं. आणि फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला घाम का येतो तेही: ३.४० किलोपास्कल हा दाब वक्रावर २६ अंशांना भेटतो, बाटली त्याहून थंड असली की वाफ तिच्यावर पाणी होऊन बसणारच.

दाब पुरेसा, तापमान कमी: आत हवा अडकली आहे

वरचा फरक नीट धरला की वक्र दोष शोधायला वापरता येतो. मासळी डबाबंद करायच्या रिटॉर्टमध्ये, म्हणजे मोठ्या कुकरसारख्या भांड्यात, ही तपासणी कळीची असते. समजा गेज जोडून एकूण दाब २०० किलोपास्कल आला. आत निव्वळ वाफ असेल तर थर्मामीटरने १२० दाखवायलाच हवं. त्याने ११३ दाखवलं, तर आधी थर्मामीटरला नावं ठेवू नका. ११३ अंशांना वक्र सांगतो १५८ किलोपास्कल. वाफेचा दाब तेवढाच आहे, उरलेले ४२ हवेचे. गेजला हवा आणि वाफ यांतला फरक कळत नाही, तापमान मात्र ठरतं वाफेच्या वाट्यावरून.

हा सात अंशांचा फरक किरकोळ नाही. बॉट्युलिझमच्या जिवाणूचे बीजाणू मारायला लागणारा वेळ दर १० अंशांना दहापटीने बदलतो. सात अंश कमी म्हणजे तेवढ्याच कामाला पाचपट वेळ. बांगड्याच्या डब्यात हे चालणार नाही. उपाय सरळ आहे: सुरुवातीला हवा बाहेर पडायचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवून वाफ सोडायची, आणि दाब व तापमान वक्रावर एकत्र येईपर्यंत तो बंद करायचा नाही. दोन्ही जुळले आणि तरी एका कोपऱ्यातले डबे कच्चे निघाले, तर हवा तिथे साचून राहते आहे. डब्यांची रचना सैल करा.

घरच्या कुकरलाही हेच लागू आहे. झाकण लावल्याबरोबर शिट्टी ठेवू नका. नळीतून वाफेचा सलग, जोरदार झोत यायला लागला की मग ठेवा.

त्रिक बिंदू म्हणजे ० अंश नव्हे

त्रिक बिंदू ०.०१ °C ला आहे, म्हणजे २७३.१६ केल्विन. पेल्यातल्या बर्फाच्या पाण्यात बर्फ, पाणी आणि वाफ तिन्ही दिसतात, म्हणून तो त्रिक बिंदू असं वाटतं. पण तिथे पाणी आणि बर्फ यांच्यावर हवेचा दाब आहे. बर्फाची वितळण्याची रेषा डावीकडे झुकलेली असल्यामुळे तो दाब वितळणबिंदू सुमारे ०.००७५ अंशांनी खाली आणतो, आणि पाण्यात विरघळलेली हवा आणखी ०.००२४ अंशांनी. बेरीज होते ०.०१. खरा त्रिक बिंदू हवा काढून सीलबंद केलेल्या काचेच्या नळीत मिळतो. तिथे उष्णता थोडी दिली किंवा काढली तरी तापमान हलत नाही, फक्त बर्फ किती आणि पाणी किती ते बदलतं. म्हणूनच २० मे २०१९ पर्यंत केल्विनची व्याख्या याच बिंदूवर होती, आणि थर्मामीटर तपासायला या नळ्या आजही वापरतात.

कॉलेजात व्हॅक्यूम पंपाने हा बिंदू दाखवायचा प्रयोग फसतो तो बहुधा पाणी जास्त घेतल्यामुळे. १० मिलिलीटर पाणी २५ अंशांना घेतलं तर दाब ३.२ किलोपास्कलवर येताच ते उकळू लागतं आणि थंड होत जातं. उरलेलं गोठायला सव्वा ग्रॅमच्या आत वाफ निघावी लागते. किरकोळ वाटतं, पण ६११ पास्कलला त्या वाफेचं आकारमान २३० लिटरच्या आसपास भरतं. पंपाला ती सगळी ओढायची असते. त्यामुळे गेज १ किलोपास्कलच्या आसपास अडकून बसलं तर गळती शोधण्याआधी पाणी कमी करून पाहा. २ मिलिलीटर पुरे. उथळ वाटी घ्या आणि तिच्याखाली थर्माकोल ठेवा, नाहीतर खालून येणारी उष्णता बर्फ धरू देत नाही.

खारं पाणी या आकृतीत बसत नाही

ही आकृती शुद्ध पाण्याची आहे. समुद्राचं पाणी साधारण उणे १.९ अंशांना गोठतं आणि शंभराच्या अर्धा अंश वर उकळतं, एवढा फरक स्वयंपाकात सोडून देता येतो. मिठाने पूर्ण भरलेल्या द्रावणात मात्र सोडता येत नाही. त्याचा बाष्पदाब शुद्ध पाण्याच्या ७५ टक्केच असतो, त्यामुळे त्याचा अख्खा वक्र खाली सरकतो. जुलैतल्या त्याच दुपारी, २८ अंशांना, तो २.८४ किलोपास्कल येतो आणि हवेतली वाफ आहे ३.४०. म्हणून एकाच खोलीत, एकाच हवेत, दोरीवरची चादर हळूहळू का होईना वाळत असते आणि उघड्या बरणीतल्या मिठाला पाणी सुटत असतं.